विषय: महारेरा नंबर नसताना ‘रजिस्टर्ड एजंट’ म्हणून जाहिरात

प्रति, महारेरा कार्यालय, मुंबई

सर/मॅडम, आमच्या इथे कल्याण पूर्वेला स्टेशनजवळ एका इस्टेट एजन्सीने मोठा फ्लेक्स लावलाय, ‘महारेरा रजिस्टर्ड एजंट’ म्हणून, खाली नंबरही छापलाय, पण तो P ने सुरू होतो, म्हणजे प्रोजेक्टचा, एजंटचा असता तर A ने सुरू झाला असता ना. तुमच्या साइटवर टाकून बघितला तर तो भलत्याच बिल्डरच्या बिल्डिंगचा निघाला आणि एजंटच्या यादीत या फर्मचं नाव कुठेच नाही. ऑफिसात जाऊन सर्टिफिकेट मागितलं तर म्हणे रिन्यूअलला दिलंय, आणि लगेच टोकनचे ५१ हजार कधी देताय ते विचारायला लागले! मी दिले नाहीत, पण बाकीचे लोक देतायत.

रेरा कायद्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणीशिवाय एजंटला रजिस्टर्ड प्रोजेक्टमधले फ्लॅट विकता येत नाहीत आणि कलम ६२ मध्ये रोजचा १० हजार दंड आहे, तो लावा आणि फ्लेक्स आधी उतरवायला सांगा प्लीज. फ्लेक्सचे फोटो, फर्मचं व्हिजिटिंग कार्ड आणि साइटचे स्क्रीनशॉट जोडलेत. माझं नाव-नंबर आधारच्या कॉपीवर आहे, फक्त ते त्यांना कळू देऊ नका.

आपला,
कल्याणचा एक ग्राहक