मावशी, तुझ्या कार्डाचं मराठी

मावशी, नागपूर विमानतळावरून पाठवलेला कस्टम्सच्या कार्डाचा फोटो वाचला. वरच्या ओळी अशा:

प्रवाशाचे नाव. पासपोर्ट क्रमांक. राष्ट्रीयत्व. येण्याची तारीख. फ्लाइट क्रमांक. बॅगांची संख्या (हातातलीही धर). मागील 6 दिवसांत भेट दिलेले देश: इथे शारजा नको, संयुक्त अरब अमिराती लिही.

मग हो किंवा नाही. आपण हे आणत आहात का?
बंदी असलेल्या वस्तू, सवलतीपेक्षा जास्त सोन्याचे दागिने, मांस, दुधाचे पदार्थ, बियाणे, रोपे, फळे, फुले, सॅटेलाइट फोन, 25,000 रुपयांपेक्षा जास्त भारतीय चलन, 5,000 डॉलरपेक्षा जास्त परकीय नोटा.

ताईने दिलेलं मोगऱ्याचं रोप पिशवीत आहे ना? तिथे 'हो' कर, लाल मार्गाने जा आणि अधिकाऱ्याला स्वतःहून दाखव. घाबरू नको. खाली सही, पासपोर्टवर आहे तशीच.