यो कुठे गळतो? के-ड्रामा पाहणाऱ्यांसाठी कोरियन आदरार्थाचं टिपण

(रविवारच्या सुरुवातीच्या वर्गासाठी. उच्चार देवनागरीत लिहिले आहेत, म्हणून ते अंदाजेच समजा.)

‘पाऊस पडतोय’ हे आपण आजीला सांगतो, धाकट्या भावाला सांगतो आणि साहेबांनाही सांगतो. वाक्य तेच राहतं. कोरियनमध्ये तसं चालत नाही. मित्राला ‘पिगा वा’, शेजारच्या काकूंना ‘पिगा वायो’ आणि बातम्यांत किंवा मोठ्या बैठकीत ‘पिगा ओम्निदा’. पावसाचा मान कोणी ठेवत नाही, मान ऐकणाऱ्याचा आहे. मराठीत समोरच्याचा मान दाखवायला वाक्यात तुम्ही, आपण, ‘बसा’सारखं त्याच्याबद्दलचं क्रियापद किंवा निदान ‘अहो’ यावं लागतं. कोरियनमध्ये समोरच्याचा उल्लेखही नसला तरी क्रियापदाचं शेपूट बोलतंच. म्हणून ड्रामा पाहताना कान वाक्याच्या शेवटाकडे ठेवा.

व्याकरणात असे सहा स्तर मोजतात. आजच्या कथा पाहायला तीन पुरतात. मोकळं, जवळिकीचं बोलणं म्हणजे पानमाल. शेवटी ‘यो’ लागला की सभ्य, रोजच्या वापराचा हेयोछे. ‘म्निदा’, ‘म्निक्का’ आले की औपचारिक हासिप्सिओछे. ‘यो’ आणि ‘म्निदा’ या दोन्ही आदराच्या बोलण्यांना मिळून चोन्देन्माल म्हणतात.

आता दुसरी गोष्ट, जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ज्याच्याबद्दल बोलतोय त्याचा मान वेगळा दाखवतात, आणि इथे मराठी माणसाला आयतं भांडवल मिळतं. ‘अरे, बाबा आले’ या वाक्यात मित्राला आपण अरे-तुरे करतो, पण बाबांना ‘आले’ म्हणतो, ‘आला’ नाही. कोरियनमध्ये हेच काम क्रियापदाच्या पोटात बसणारा ‘शि’ करतो. मित्र आला तर ‘वास्सॉ’, बाबा आले तर ‘ओश्यॉस्सॉ’. मधला ‘श्यॉ’ हे त्याच ‘शि’चं रूप, ते बाबांसाठी, आणि शेवटी ‘यो’ नाही कारण ऐकणारा मित्र आहे. तेच काकूंना सांगायचं तर ‘ओश्यॉस्सॉयो’. म्हणजे बाबांचा मान कायम, वर काकूंचाही. हा ‘शि’ स्वतःला कधीच लावायचा नाही.

काही क्रियापदं तर मुळातच बदलतात. खाण्याचं ‘मॉक्ता’ मोठ्यांसाठी ‘तुशिदा’ होतं, झोपण्याचं ‘चादा’ होतं ‘चुमुशिदा’. मरण्याचं ‘चुक्ता’ मोठ्यांच्या बाबतीत ‘तोरागाशिदा’ होतं, आपल्या ‘वारले’सारखंच. दुकानातली मुलं कधीकधी भलताच आदर दाखवतात आणि कॉफी तयार झाली तर त्या कॉफीलाच ‘शि’ लावतात. कोरियन भाषातज्ज्ञ यावर नाक मुरडतात, पण गिऱ्हाईक नाराज होण्यापेक्षा व्याकरण नाराज झालेलं परवडतं!

ड्रामाची खरी गंमत स्तर बदलतो तिथे असते, आणि सबटायटल ती बहुधा गिळून टाकतं. ऑफिसात ‘म्निदा’ बोलणारी दोघं हळूहळू ‘यो’वर येतात. मग एक जण विचारतो, ‘माल नोआदो त्वेयो?’, म्हणजे आता मोकळं बोललं तर चालेल का? हा प्रश्न प्रेमाच्या कबुलीइतकाच महत्त्वाचा असतो. उलट, जवळच्या माणसाने अचानक ‘म्निदा’ सुरू केलं तर समजा, काहीतरी बिनसलंय. आपल्याकडेही रुसलेली मैत्रीण एकदम ‘तुम्ही’वर जाते, तसंच. रस्त्यावरच्या भांडणात ‘वे पानमारिया?’ (मला अरे-तुरे का करतोस?) आणि पाठोपाठ ‘नॉ म्यॉत सारिया?’ (वय काय तुझं?) हमखास येतं. तिथे एका वर्षाचा फरकसुद्धा मोजतात.

‘तांगशिन’ हा शब्द कोशात ‘तुम्ही’ असा सापडेल. तो पाठ करून वापरू नका. पती-पत्नींत तो चालतो, अनोळखी माणसाला म्हटला तर भांडणाचा सूर लागतो. कोरियन माणूस ‘तुम्ही’ शक्यतो टाळतो आणि हुद्दा वापरतो: शिक्षकांना सॉन्सेंगनिम, कंपनीच्या मालकाला साजांगनिम. नावापुढचा ‘श्शि’ बरोबरीच्या सहकाऱ्याला ठीक, साहेबाला नाही.

ऐतिहासिक मालिकांत ‘थोंगछोकायॉ चुशिओप्सोसॉ’ (महाराज, कृपा करून विचार करावा) म्हणत दरबारी गुडघे टेकतात. ऐकायला बहारदार, पण आज कुणाशी बोलण्यासाठी उपयोगाचं नाही. सासरे जावयाला ‘चाने’, म्हणजे ‘तू’, म्हणत ज्या स्तरात बोलतात तो हागेछे. तोही ओळखता आला की पुरे.

बोलायला सुरुवात ‘यो’पासूनच करा. पडद्यावरचा श्रीमंत, उर्मट नायक सगळ्यांशी पानमाल बोलतो म्हणून तुम्हीही बोललात, तर सोलच्या टॅक्सीवाल्या काकांना ते मुळीच आवडणार नाही.

पुढच्या रविवारसाठी: सध्या पाहत असलेल्या मालिकेतला दोन पात्रांचा एक प्रसंग सबटायटल बंद करून ऐका. कोण कोणाला ‘यो’ लावतं आणि कोण लावत नाही, एवढंच वहीत लिहा. अर्थ कळला नाही तरी चालेल.