सरांचे पाच शेरे आणि सोमवारपर्यंतचं काम

अमरावती, 4 डिसेंबर 2024

प्रिय अंकुश,

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेले कापसावरच्या निबंधाचे चारही फोटो मोठे करून वाचले. "सरांनी चार शेरे मारले, अन् एकातूनही काय करायचं ते समजत नाही," ही तुझी तक्रार खरी आहे. पण सरांच्या टेबलावर साठ-सत्तर वह्या असतात. वाचताना जिथं अडखळले तिथं ते लाल पेन टेकवतात, कशामुळे अडखळले ते लिहायला त्यांना वेळ नसतो. म्हणून मी प्रत्येक शेरा कोणत्या ओळीशेजारी आहे ते पाहिलं. काम तिथूनच निघालं.

सर्वांत आधी ते प्रश्नचिन्ह घे. तू शेऱ्यांत ते मोजलंसुद्धा नाहीस, पण मला तोच सगळ्यात कामाचा शेरा वाटतो. ते आहे या वाक्याशेजारी: "2017 मध्ये बीटी बियाणे आले आणि बोंडअळी वाढली." दोन गोष्टींची खिचडी झाली आहे. बीटी कापसाला आपल्या देशात परवानगी मिळाली 2002 साली. 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने झोडपलं, कारण तोपर्यंत ही अळी त्या बियाण्याला दाद देईनाशी झाली होती. वाक्य दुरुस्त कर, आणि बियाणं का हरलं ते दोन ओळींत सांग.

आता "खुलवा." हा शेरा दुसऱ्या पानावर आहे, "शेतकऱ्यांना अनेक समस्यांना तोंड द्यावे लागते" याच्या बाजूला. हे वाक्य मीही शाळेत असताना दहा निबंधांत लिहिलं आहे. त्यात आपलं शेत कुठंच नाही. खुलवा म्हणजे आणखी चार विशेषणं घाल असं नव्हे. "अनेक समस्या" काढून टाक आणि एकच घे, बोंडअळी. त्या वर्षी तू चौथीत होतास, तुला फारसं आठवणार नाही. म्हणून उद्या संध्याकाळी बाबांना तीन गोष्टी विचार: पहिली डोमकळी कोणत्या महिन्यात दिसली, बोंड फोडल्यावर आत काय होतं, आणि त्या सालची वेचणी किती क्विंटलवर थांबली. ते सांगतील तसंच लिहून घे, तिथल्या तिथं शुद्ध मराठी करत बसू नकोस. मला एवढंच आठवतं की बोंड वरून चांगलं दिसायचं अन् आतली सरकी पोखरलेली असायची. बाबांनी एक बोंड चिरून आजीच्या तळहातावर ठेवलं होतं, आणि आजी बराच वेळ काही बोलली नव्हती. हे तुला निबंधात घ्यायचं असेल तर घे. डोमकळी हा शब्द शहरातल्या वाचकाला कळणार नाही, म्हणून "न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल" एवढं सोबत दे.

"मुद्दे विस्कळीत" साठी एक जुनी युक्ती आहे, आम्हाला बी.एड.ला शिकवली. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तीन-चार शब्दांत लिही की हा परिच्छेद कशाबद्दल आहे. तुझं मी करून पाहिलं: पांढरं सोनं, भाव, वेचणी, बोंडअळी, परत भाव, पेरणी. पेरणी शेवटी! म्हणजे आधी कापूस विकला आणि मग पेरला. सरांना नेमकं हेच खटकलं असणार. कापसाच्या वर्षाचा क्रम आयता आहे: मृगाची पेरणी, पात्या-फुलं आणि बोंडअळी, वेचणी, शेवटी काटा आणि भाव. भावाचे दोन परिच्छेद एकत्र कर. "पांढरं सोनं" हा पहिला परिच्छेद मला तरी नकोच वाटतो, कारण तो कोणत्याही गावाबद्दल चालेल. सुरुवात पेरणीनं कर.

यातलं कोणतं वाक्य ठेवायचं आणि कोणतं काढायचं, हे तू निबंधातून काय म्हणतोस त्यावर ठरेल. तुझ्याच पाचव्या परिच्छेदात एक ओळ आहे: "माल आमचा असतो पण भाव आम्ही सांगत नाही." हा तुझा निबंध आहे, बाकी सगळं त्याच्या तयारीला. ही ओळ कागदावर वेगळी लिहून समोर ठेव. जो परिच्छेद तिच्याकडे नेत नाही, त्याला कात्री.

तिथं आकडे दे. "भाव कमी मिळतो" यानं कुणाला काही दिसत नाही. यंदा, 2024-25 च्या हंगामात, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये आहे. बाबांनी व्यापाऱ्याला विकला तो किती दरानं, ते घरातल्या पावतीवर असेल. दोन्ही आकडे शेजारी ठेव. ओलाव्याचं पण लिही: 8 टक्क्यांच्या वर गेला की हमीभावातून कपात, आणि 12 च्या वर तर सरकारी खरेदीत माल घेतच नाहीत. हे लिहिलंस की आजी सकाळी शेतात जे ओरडते त्याला अर्थ येतो: "दव वायल्याबिगर कापूस येचू नोका व बायाहो!"

या वाक्यावरून "भाषेकडे लक्ष द्या" वर येते. लाल खुणा अकरा आहेत. त्यातल्या सात "कि" आणि "आणी" यांच्या आहेत. "की" दीर्घ, "आणि" ऱ्हस्व, संपलं. तीन खुणा एकाच लांबलचक वाक्यावर आहेत, त्याचे तीन तुकडे कर. अकरावी आजीच्या वाक्याखाली आहे. सरांना वऱ्हाडी नको आहे की अवतरणचिन्हं नसल्यानं खूण केली, हे मला फोटोवरून ठरवता येत नाही. म्हणून उद्या मधल्या सुट्टीत जा आणि एवढंच विचार: "सर, आजीचं बोलणं अवतरणचिन्हांत वऱ्हाडीतच ठेवलं तर चालेल का?" "सर, निबंध कसा सुधारू?" असं विचारू नकोस, त्याचं उत्तर परत "खुलवा" असंच येईल.

"शेवट कमकुवत": "अशा प्रकारे शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे" हे खोड. बाबा काट्याजवळ उभे आहेत आणि कोणीतरी दुसराच आकडा लिहितो आहे, तिथं थांब.

वेळेचं असं. गुरुवारी सरांना प्रश्न आणि संध्याकाळी बाबांशी बोलणं. शुक्रवारी वेचणीवरून सगळे दमून येतील, लाईटचाही भरवसा नाही, त्यामुळे त्या दिवशी फक्त समासातली कामं आणि नवा क्रम. शनिवारी सकाळी एका बैठकीत अख्खा खर्डा नव्यानं लिही, जुन्या पानावर खाडाखोड करून नाही. शुद्धलेखन रविवारी, आधी नाही. जे वाक्य उडणार आहे त्याच्या वेलांट्या कशाला तपासायच्या?

रविवारी मी दुपारच्या एस.टी.नं येते. तू मला खर्डा मोठ्यानं वाचून दाखव, जिथं तुझीच जीभ अडकेल तिथं पेन्सिलनं खूण करू. सोमवारी सरांना देताना जुना निबंध खाली जोडून दे, त्यांना काय बदललं ते दिसेल.

आणि सरकारी खरेदीच्या नोंदणीचे कागद बाबांनी कुठं ठेवलेत ते आईला विचारून ठेव, मागच्या वेळी सातबारा शोधण्यात अर्धा दिवस गेला होता.

तुझी ताई