तुमच्या ‘खारट’ लिहिलेल्या बाटलीवरून एक रील सुचली आहे

नमस्कार काका,

मी केतकी, कट्ट्याची. आपली ओळख नाही. नंबर तुमच्या दुकानाच्या कापडी पिशवीवरून घेतला. मेसेज लांब आहे, त्याबद्दल आधीच सॉरी. दुपारी गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचा, आणि कंटाळा आला तर मधली स्क्रिप्ट तेवढी वाचा.

गेल्या गुरुवारी आईसाठी सोलं न्यायला तुमच्याकडे आले होते. माझ्यापुढे पुण्याचं एक जोडपं उभं होतं. त्यातल्या ताईंनी लाल बाटली उचलली आणि ‘कोकम सरबत मिळालं’ म्हणून पैसे काढायला लागल्या. एवढ्यात आतून काकींचा आवाज आला, “ओ ताई, ती ठेवा! ती खारट आसा!” मग काकी बाहेर आल्या आणि आगळ वेगळं, सरबत वेगळं हे त्यांना समजावून सांगितलं. जोडप्याने दोन्ही बाटल्या घेतल्या, वर कुळथाचं पीठही नेलं.

ते गेल्यावर मी फळीवर नीट बघितलं. दोन्ही बाटल्या सारख्याच, झाकण सारखं, रंगही लांबून एकच. फक्त आगळाच्या प्रत्येक बाटलीवर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं ‘खारट’. म्हणजे हा प्रश्न तुम्हाला रोज इतक्या वेळा येतो की शेवटी पट्टी चिकटवावी लागली. घरी जाताना एसटीत तीच पट्टी डोक्यात होती.

मी रीलसाठी स्क्रिप्ट लिहिते. आधी पाच वर्षं मुंबईत मालिकांचे संवाद लिहीत होते, आता घरीच असते. तुमच्यासाठी एक स्क्रिप्ट लिहून सोबत पाठवतेय. पैसे नकोत. मला काम दिलंत, नाही दिलंत, तरी ही तुमचीच.

रील साधारण ३५ सेकंदांची, मोबाईल उभा धरून:

सुरुवात थेट बाटलीवर. काकींचा हात पट्टी चिकटवतोय, ‘खारट’ हा शब्द पूर्ण पडदाभर. मागे बाजाराचा आवाज, गाणं नाही.

गिऱ्हाईक (बाटली उचलत): काकी, हे कोकम सरबतच ना? दोन द्या.

काकी: सरबत न्हय ता. आगळ. खारट आसता.

गिऱ्हाईक: असू दे हो, साखर घातली की झालं!

काकी (शांतपणे): घाला. मगे माका सांगा कसा लागता ता.

पुढचा शॉट: गिऱ्हाईक एक मोठा घोट घेतं. तोंड बघण्यासारखं होतं. काकी काही बोलत नाहीत, नुसता पाण्याचा तांब्या पुढे सरकवतात.

काकी (आता कॅमेऱ्याकडे बघून, हात चालू): आगळ म्हणजे रातांब्याचो रस, मीठ घालून ठेवलेलो. ह्येची सोलकढी करूची. वाटीभर नारळाचो रस, दोन चमचे आगळ, लसूण-मिरची ठेचून. गरम करू नकात, फुटतली. (दुसरी बाटली वर धरून) आणि सरबत व्हया तर ही. गोड.

गिऱ्हाईक (तोंड पुसत): दोन्ही द्या.

शेवटी दुकानाची पाटी, खाली तुमचा फोन नंबर आणि ‘मालवण बाजारपेठ, बंदराकडे जाताना’.

एवढंच. आगळाचं प्रमाण काकी सांगतील तेच ठेवू, मी आमच्या घरचं लिहिलंय. काकींचं बोलणं मालवणीतच राहू दे, खाली प्रमाण मराठीत अक्षरं टाकू, कारण बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात. त्या कॅमेऱ्यासमोर यायला तयार नसतील तर नुसते हात आणि आवाज पुरे. खरं सांगायचं तर त्यांचा आवाजच जास्त मोलाचा आहे.

काही गोष्टी मी मुद्दाम घेतल्या नाहीत. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला जीआय मानांकन आहे, ते पाटीवर जरूर लिहा, पण पहिल्याच रीलमध्ये ते सांगितलं की माणूस पुढे सरकवतो. चालू गाण्यांचंही तेच. धंद्याच्या खात्यावर त्यातली बरीचशी लावायला मिळत नाहीत, आणि इथे बाटलीतून आगळ ओतल्याचा आवाज गाण्यापेक्षा चांगला लागेल. ड्रोन तर नकोच.

ड्रोनचं एवढ्या ठामपणे सांगते, कारण त्यात मी एकदा तोंडावर पडले आहे. एका होमस्टेसाठी पहिलीच रील लिहिली होती. माडांवरून कॅमेरा, मावळता सूर्य, माझी दोन काव्यमय वाक्यं. बघितली पुष्कळांनी, बदाम पण भरपूर आले. मालकांना फोन मात्र एकही नाही. महिन्याने लक्षात आलं की गावाचं नावच कुठे नव्हतं! तेव्हापासून मी आधी दुकानात जाऊन उभी राहते, गिऱ्हाईक काय विचारतं ते ऐकते आणि मग लिहिते.

किती जण बघतील याची खात्री मी देत नाही. रील बघून कोणी आगळासाठी मुंबईहून उठून येणार नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत किल्ला बघायला निघालेला माणूस आधी मोबाईलवर मालवण शोधतो. त्याला काकींचा तांब्या आठवला, तर होडीतून उतरल्यावर तो तुमचं दुकान विचारत येईल. शिवाय नेहमीच्या गिऱ्हाइकांना हीच रील व्हॉट्सॲपवर पाठवता येईल, म्हणजे फोनवर तेच तेच समजावणं वाचेल. गणपती आटोपले, चाकरमानी परत गेले, आता सुट्ट्या लागेपर्यंत तुम्हालाही जरा उसंत असेल. शूटिंग सकाळी दुकान उघडण्याआधी तासाभरात होईल.

तुम्हाला आवडलं तर पुढचं असं: एका स्क्रिप्टचे ८०० रुपये, महिन्याला चार घेतल्या तर ३,०००. शूटिंग आणि जोडकाम यात नाही. पण गल्ल्यावर तुमचा मुलगा बसला होता, त्याच्या हातात फोन चांगला दिसला. पहिल्या वेळी मी स्वतः येऊन त्याला कुठे उभं राहायचं, उजेड कुठून घ्यायचा ते दाखवीन, त्याचे वेगळे पैसे नाहीत. त्याला जमणार नसेल तर कुडाळचा एक मुलगा करून देतो, त्याचे पैसे तुम्ही परस्पर ठरवा, मी मध्ये काही घेत नाही.

विषयांची कमी पडणार नाही. त्या दिवशी पंधरा मिनिटांतच मला आणखी तीन मिळाले: तिरफळं नुसती चावून बघणारा मुलगा, ‘फणसपोळी म्हणजे पुरणपोळीसारखी का?’ असं विचारणारे आजोबा, आणि पायाच्या भेगांसाठी भिरंडेलाचा गोळा मागायला आलेल्या बाई, ज्यांना काकींनी तो वितळवून कसा लावायचा ते करूनच दाखवलं. या तिसऱ्यावर माझा डोळा आहे.

स्क्रिप्ट काकींना एकदा वाचून दाखवा. त्यांच्या तोंडी एखादं वाक्य बसत नसेल तर मला व्हॉइस मेसेज करा, बदलून देते. माझी मालवणी कट्ट्याची असली तरी मधली वर्षं मुंबईत गेली, त्यामुळे कुठेतरी घसरली असेल. काम नको असेल तर नुसतं ‘नको’ लिहा, मी पुन्हा त्रास देणार नाही. सोमवारी मालवणात येतेय, हो म्हणालात तर अकराच्या सुमारास दुकानावर डोकावेन. नाही म्हणालात तरी अर्धा किलो सोलं बाजूला काढून ठेवा, आईला गेल्या खेपेची आवडली.

केतकी