त्रियानॉन करारात हंगेरीवर अन्याय झाला का? झाला, पण लोक सांगतात तिथे नाही

पहिल्या महायुद्धात हरलेल्या हंगेरीच्या सीमा 1920 च्या त्रियानॉन कराराने नव्याने आखल्या. त्याचा विषय निघाला की पहिला आकडा ठरलेला असतो, दोन-तृतीयांश देश गेला, 2 लाख 82 हजार चौरस किमीचा 93 हजारच उरला. आकडा खरा आहे पण मला तो अन्यायाचा पुरावा वाटत नाही, कारण गेलेल्या जमिनीवर राहत कोण होतं हे आधी बघायला हवं ना. 1910 ची जनगणना हंगेरी सरकारनेच केलेली, त्यात तेव्हा हंगेरीच्या राज्यात असलेला क्रोएशिया सोडूनही हंगेरियन बोलणारे जेमतेम 54 टक्के. बाकीचे रोमानियन, स्लोव्हाक, जर्मन, सर्ब वगैरे, आणि त्यांना वागवलं कसं होतं? 1907 च्या शिक्षण कायद्याने त्यांच्या शाळांवर हंगेरियन भाषा लादली. तो कायदा आणणारे मंत्री काउंट अपोन्यी, आणि 1920 च्या जानेवारीत पॅरिसच्या शांतता परिषदेत जाऊन "लोकांना विचारा, सार्वमत घ्या" म्हणणारेही तेच! त्यामुळे स्लोव्हाक आणि रोमानियन वेगळे झाले याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

पण म्हणून अपोन्यींची मागणी चुकीची ठरत नाही, माणूस बघून मागणी नाकारायची हा कुठला न्याय.

खरा घोळ सीमेलगतच्या पट्ट्यात आहे. साधारण 33 लाख हंगेरियन सीमेपलीकडे गेले, त्यातले काही रोमानियाला गेलेल्या ट्रान्सिल्वेनियाच्या पार पूर्व टोकाला होते, तिथे कशीही रेघ मारली तरी अडचण होती, हे मान्य. पण सातू मारे, ओरादेआ, अराद ही शहरं बघा. तिन्ही नव्या सीमेला चिकटून, तिन्हीत हंगेरियन बहुसंख्य, तरी रोमानियाला दिली, कारण त्यांना जोडणारी उत्तर-दक्षिण रेल्वेलाइन रोमानियाला हवी होती. कोमारोम शहराचं तर डॅन्यूब नदीने दोन तुकडे केले, उत्तरेचा भाग चेकोस्लोव्हाकियात, दक्षिणेचा हंगेरीत, आणि दोन्हीकडे हंगेरियनच. म्हणजे स्लोव्हाकांना देश देताना भाषा बघायची आणि हंगेरियनांची वेळ आली की रेल्वे आणि नदी बघायची, ही दुहेरी मोजपट्टी झाली, माझा आक्षेप एवढ्यावरच आहे.

"तेव्हा सार्वमत शक्यच नव्हतं, सगळीकडे गोंधळ होता" असं म्हणतात. मग ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या शोप्रोन शहराचं काय? ते ऑस्ट्रियाला द्यायचं ठरलेलं, हंगेरियन सशस्त्र टोळ्यांनी धुमाकूळ घातला तेव्हा कुठे डिसेंबर 1921 मध्ये मतदान झालं आणि 65 टक्के लोकांनी हंगेरी निवडली. ऑस्ट्रियाने मतदानावर आक्षेप घेतला होता, तेही लक्षात घ्यायला हवं. तरी बघा, तिथे जर्मन बोलणारे एवढे असूनही निकाल असा लागला, म्हणजे नुसत्या भाषेवरूनही माणसाला कुठे राहायचंय ते कळत नाही, त्याला विचारावंच लागतं, आणि ओरादेआत कुणी विचारलं नाही.