विषय : मोडी दस्तऐवज सूचीकार पदाची मुलाखत (शुक्रवार, २० नोव्हेंबर २०२६) – उपस्थितीची निश्चिती व काही विचारणा

मा. सचिव महोदया,

सविनय नमस्कार.

आपल्या संस्थेच्या दस्तऐवज विभागातील सूचीकार पदासाठी मुलाखतीस बोलावल्याबद्दल मनःपूर्वक आभार. शुक्रवार, दि. २० नोव्हेंबर २०२६ रोजी साताऱ्यात राजवाड्याजवळच्या आपल्या कार्यालयात मी निश्चितपणे उपस्थित राहीन. वेळेबाबत मात्र एक खुलासा हवा आहे. आपल्या ईमेलमध्ये मुलाखत सकाळी ११ वाजता असल्याचे लिहिले आहे, तर सोबत जोडलेल्या पत्रात १०.३० ही वेळ आहे. कागदपत्रांची पडताळणी १०.३० वाजता आणि त्यानंतर मुलाखत, असा त्याचा अर्थ असावा असे समजून मी १०.१५ पर्यंत पोहोचण्याच्या बेताने कोल्हापुराहून सकाळच्या एसटीने निघणार आहे. माझा समज चुकीचा असल्यास कृपया कळवावे.

पत्रात ‘मुलाखत व आवश्यकतेनुसार प्रात्यक्षिक’ असा उल्लेख आहे. प्रात्यक्षिक होणार असेल तर त्याचे स्वरूप आधी समजल्यास तयारी नेमकी करता येईल. मोडी वाचन म्हटले तरी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन वळणांत बराच फरक पडतो. माझा बहुतेक सराव पेशवेकालीन पत्रे व हिशेबी कागद यांवर झाला असून, आंग्लकालीन मोडीत प्रामुख्याने जमीनविषयक कागद वाचले आहेत. शिवकालीन कागदांचा सराव त्या मानाने कमी आहे, हे अर्जातही नमूद केले आहे. आपल्या संग्रहात ज्या काळातले दस्तऐवज अधिक आहेत त्यांवरच प्रात्यक्षिक असेल असा माझा अंदाज आहे. तो काळ कोणता आणि वाचनासाठी मूळ कागद मिळेल की छायाप्रत, एवढे कळले तरी पुरे.

लिप्यंतर मुळाबरहुकूम अपेक्षित आहे, की आजच्या लेखननियमांनुसार शब्द तोडून व विरामचिन्हे देऊन, हेही कृपया सांगावे. मोडीत शब्द सलग लिहिलेले असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. त्यामुळे या दोन पद्धतींनी केलेले काम दिसायला अगदी वेगळे होते, आणि संस्थेची रीत ठाऊक नसताना उमेदवाराने स्वतःच्या मनाने एक पद्धत निवडणे मला योग्य वाटत नाही. संक्षेप सोडवून लिहायचे की मुळाप्रमाणे ठेवायचे, हा प्रश्नही त्यालाच जोडून येतो.

कालनिर्णयाविषयी एकच विचारणा आहे. शुहूर सनावरून इसवी सन काढताना ५९९ किंवा ६०० मिळवून वर्ष तोंडी सांगता येते, परंतु ‘छ’ने दिलेला चंद्र आणि महिना यांवरून नेमकी तारीख ठरवायची तर जंत्री लागते. प्रात्यक्षिकाच्या वेळी जंत्री वापरण्यास परवानगी असेल का आणि ती संस्थेकडून मिळेल का? नसल्यास मी माझी प्रत आणू शकेन.

सूची संगणकावर करायची असल्यास कोणती प्रणाली वापरात आहे, हेही समजावे. मी युनिकोड देवनागरीत इन्स्क्रिप्ट कळफलकावर टंकलेखन करते आणि ‘कोहा’वर ग्रंथांच्या नोंदी केल्या आहेत. हस्तलिखितांच्या नोंदींसाठी संस्थेने स्वतःचा तक्ता ठरवलेला असेल, तर त्याचा कोरा नमुना आधी पाहायला आवडेल.

मुलाखत समितीत किती सदस्य असतील आणि ते इतिहास, ग्रंथालयशास्त्र की प्रशासन यांपैकी कोणत्या क्षेत्रांतले असतील, हे सांगणे संस्थेच्या नियमांत बसत असल्यास कृपया कळवावे. नावे विचारण्याचा हेतू नाही. तथापि, मी ज्यांच्या मार्गदर्शनाखाली प्रबंधिका लिहिली ते प्राध्यापक साताऱ्याच्या परिसरात अशा समित्यांवर अनेकदा असतात. त्यांचे नाव माझ्या अर्जात संदर्भ म्हणून दिलेले आहेच. या समितीतही ते असतील, तर ही बाब आपल्याला आधीच माहीत असावी असे मला वाटते.

पदवी, पदव्युत्तर पदवी, मोडी लिपी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि अनुभवाचा दाखला यांच्या मूळ प्रती व प्रत्येकी एक साक्षांकित छायाप्रत मी सोबत आणेन. मी केलेल्या लिप्यंतरांचे दोन नमुने आणण्याचाही विचार आहे. ते एका खाजगी घराण्याच्या कागदांचे असून दाखवण्यास त्यांची संमती घेतली आहे, मात्र प्रत ठेवून घेता येणार नाही. असे नमुने समितीला पाहायचे नसतील तर तसे कळवावे.

प्रात्यक्षिक धरून एकूण साधारण किती वेळ लागेल हे समजल्यास परतीच्या गाडीचे आरक्षण करता येईल. शक्य झाल्यास सोमवार, १६ नोव्हेंबरपर्यंत उत्तर मिळावे, ही विनंती. अर्जातील माझा भ्रमणध्वनी क्रमांक कायम असून दुपारी २ नंतर केव्हाही दूरध्वनी केला तरी चालेल.

आपली विश्वासू,
अर्चना शिंदे
कोल्हापूर