ठाकरवाडी आरोग्य शिबिर (12 जानेवारी 2025) : रुग्ण, संदर्भसेवा व पाठपुरावा यांचा सारांश अहवाल

प्रति, तालुका आरोग्य अधिकारी, अकोले

ठाकरवाडी येथील शिबिराच्या नोंदवहीत 112 नोंदी आहेत; परंतु चौघांची नाव-नोंदणी दोन टेबलांवर झाल्यामुळे प्रत्यक्ष तपासलेल्या व्यक्ती 108 आहेत (स्त्रिया 63, पुरुष 31, बालके 14). अहवालात नावे न देता नोंदवहीतील अनुक्रमांक दिले आहेत. एकाच व्यक्तीला एकाहून अधिक तक्रारी असल्याने पुढील आकड्यांची बेरीज 108 येणार नाही.

रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त असलेले 19 रुग्ण आढळले. त्यांपैकी 11 जण जुने रुग्ण असून पाच जणांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या होत्या. नव्याने सापडलेल्या आठांपेक्षा या पाचांची काळजी अधिक वाटते. हिमोग्लोबिन तपासलेल्या 41 स्त्रियांपैकी 26 जणींना रक्तक्षय आहे. अनु. 57 समोर नोंदवहीत ‘64’ एवढेच लिहिलेले होते. प्रयोगशाळेच्या चिठ्ठीशी ताडून पाहिल्यावर तो आकडा 6.4 निघाला, आणि ही महिला सात महिन्यांची गरोदर आहे. खरजेच्या 12 रुग्णांना व सांधेदुखीच्या रुग्णांना जागेवरच औषधे देण्यात आली.

पुढील तपासणीसाठी 22 शिफारशी झाल्या : मोतीबिंदू 9, साखर 200 च्या वर 6, दोन आठवड्यांहून अधिक खोकला 3, तीव्र रक्तक्षय 2, रक्तदाब 196/114 असलेला 1 आणि दंडघेर 11.2 सेंमी भरलेले 1 बालक. अनु. 83 यांना मधुमेह व मोतीबिंदू अशा दोन्हींसाठी पाठविल्यामुळे व्यक्ती मात्र 21 होतात.

2 फेब्रुवारीपर्यंत आशा ताईंनी घरोघरी जाऊन केलेल्या चौकशीनुसार 14 जण रुग्णालयात पोहोचले. अनु. 57 यांना दोन पिशव्या रक्त देण्यात आले. खोकल्याच्या तिघांपैकी एकाला क्षयरोग निश्चित होऊन उपचार सुरू झाले आहेत. घरातील पाच जणांची तपासणी मात्र अद्याप बाकी आहे. बालक पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल आहे. उरलेल्या सात जणांपैकी चौघे मजुरीसाठी नारायणगावकडे गेले आहेत व दोघांचे मोबाईल क्रमांक चुकीचे निघाले. सातव्या, अनु. 31, यांच्या शेऱ्यात ‘म्हातारीला दिसत नाही, मुलगा मुंबईला’ असे लिहिले आहे. मुलगा आल्याशिवाय शस्त्रक्रियेला जाणार नाही, असे त्यांनी आशा ताईंना स्पष्ट सांगितले.

क्षयरुग्णाच्या घरच्यांची तपासणी 7 फेब्रुवारीपूर्वी व्हावी, स्थलांतरित चौघांपैकी मधुमेहाच्या दोघांची माहिती तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावी आणि गोळ्या सोडलेल्या पाच जणांचा रक्तदाब उपकेंद्रात दर आठवड्याला मोजावा, अशी विनंती आहे.

शिबिर समन्वयक
3 फेब्रुवारी 2025